हृदय मीठ टाकायला सांगते, मूत्रपिंड का ऐकत नाही?

विहिरीत किंवा तलावात गळ्याइतक्या पाण्यात अर्धा-पाऊण तास काढून बाहेर आलेल्या माणसाला लगेच लघवीला जावे लागते. गार पाण्यामुळे असे होते, असे सांगून हा विषय बहुधा तिथेच संपवला जातो. गारव्याचा त्यात थोडा वाटा असतोही. पण पाणी अंगाइतके कोमट असले तरी हेच घडते, आणि त्या लघवीत पाण्याबरोबर नेहमीपेक्षा जास्त मीठही जाते. कारण सोपे आहे. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतले आणि पोटातले रक्त वर छातीकडे ढकलतो. सुमारे अर्धा ते पाऊण लिटर जादा रक्त छातीत जमते. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, त्यामुळे ताणली जातात. शरीरात रक्त फार झाले, असा अर्थ हृदय त्या ताणातून काढते आणि मूत्रपिंडाला निरोप धाडते: मीठ बाहेर टाक, पाणी त्याच्यामागे जाईल.

हा निरोप एका संप्रेरकाच्या रूपात जातो. त्याचे नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, थोडक्यात एएनपी. नाव जड असले तरी अर्थ सरळ आहे: अलिंदातून निघणारे, लघवीतून सोडियम घालवणारे छोटे प्रथिन. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णांना घरोघरी आणि दवाखान्या-दवाखान्यांत जो सल्ला दिला जातो, तो या निरोपाच्या उजेडात पुन्हा तपासण्याची गरज आहे. ‘पाणी कमी प्या’ हे वाक्य बहुतेक सर्व रुग्णांना पाठ असते. मीठ किती खावे आणि रोज वजन का करावे, हे मात्र फार थोड्यांना नीट सांगितलेले असते. हा क्रम उलटा आहे.

हृदय हा केवळ पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे, हे कळायला विसावे शतक संपत आले होते. १९५६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवून पाहिला आणि लघवी वाढल्याचे नोंदवले. अलिंदातून मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते आणि मेंदू पुढची व्यवस्था करतो, असे स्पष्टीकरण त्या वेळी दिले गेले. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अलिंदाच्या स्नायूपेशींमध्ये बारीक दाणे दिसू लागले होते. असे दाणे सहसा संप्रेरक साठवणाऱ्या ग्रंथींत दिसतात. हृदयाच्या स्नायूत ते कशासाठी, हे कोणाला सांगता येईना.

कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात काम करणारे, मूळचे अर्जेंटिनाचे अडोल्फो डी बोल्ड यांनी या कोड्याला हात घातला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांतच लघवीतून जाणारे सोडियम तीसपटीहून अधिक वाढले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा, म्हणजे निलयांचा अर्क टोचल्यावर तसे काही झाले नाही. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या दाण्यांत काय साठवलेले असते, याचे उत्तर मिळाले. पुढे या संप्रेरकाची रचना उलगडली. ती २८ अमिनो आम्लांची साखळी आहे. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत याच कुळातला दुसरा रेणू सापडला, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला आणि तो बीएनपी झाला. प्रत्यक्षात माणसात तो मुख्यतः हृदयातूनच, विशेषतः ताणलेल्या निलयातून येतो. आज प्रयोगशाळेत रक्तातून मोजला जातो तो हाच, किंवा तो तयार होताना सुटणारा ‘एनटी-प्रोबीएनपी’ नावाचा तुकडा.

निरोप मिळाल्यावर मूत्रपिंड करते काय, हे समजण्यासाठी आधी त्याचा रोजचा हिशेब पाहावा लागेल. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ विरघळलेले असते. यातले बहुतेक सगळे मीठ मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्या परत रक्तात ओढून घेतात आणि जेवणातून आले असेल तेवढे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम, बाहेर सोडतात. दीड किलोत दहा ग्रॅम हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून परत ओढण्याच्या कामात एका टक्क्याचा फरक पडला, तरी तो दिवसभरात खाल्लेल्या मिठाहून मोठा ठरतो. एएनपीला फार मोठी उलथापालथ करावी लागत नाही. शेवटच्या टप्प्यावर दार थोडे कमी-जास्त केले की काम होते.

हे काम तो तीन ठिकाणी करतो. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी तो सैल करतो आणि रक्त बाहेर नेणारी आवळतो, त्यामुळे गाळणीतला दाब वाढून जास्त द्रव गाळला जातो. नळ्यांच्या अगदी शेवटच्या भागात सोडियम परत ओढणारी दारे तो मिटवतो. आणि तिसरे म्हणजे, मीठ धरून ठेवा असे सांगणाऱ्या रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या दोन संप्रेरकांना तो दाबतो. हे सगळे काही मिनिटांचे काम असते. एएनपी रक्तात फार काळ टिकत नाही, काही मिनिटांतच त्याची मात्रा निम्म्यावर येते. ताण कमी झाला की निरोपही थांबतो. निरोगी माणसाने एखाद्या दिवशी जास्त खारट खाल्ले, तर हा संप्रेरक आणि मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकांची माघार अशा दोन्ही बाजूंनी दोन-तीन दिवसांत हिशेब पूर्ववत होतो.

निरोप आणि त्याचे उत्तर यांचे नाते काही नेहमीच्या तक्रारींतही दिसते. अचानक छातीत धडधड सुरू होऊन ठोके दीडशे-दोनशेवर जातात, तेव्हा अलिंदांवर ताण येतो. अशा झटक्यात किंवा त्यानंतर काही रुग्णांना पाण्यासारखी भरपूर लघवी होते. घबराटीची धडधड आणि हृदयाच्या ठोक्यांतला खरा बिघाड यांत फरक करताना ही एक उपयोगी खूण ठरते. झोपेत जोरात घोरणाऱ्या आणि श्वास अडकणाऱ्या माणसाला रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, त्यामागेही बऱ्याचदा हेच असते. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत जी ओढ निर्माण होते, तिने अलिंद ताणले जाते. अशा माणसाची प्रोस्टेट किंवा साखर तपासून झाली आणि काही सापडले नाही, तर त्याच्या घोरण्याची चौकशी करायला हवी.

हार्ट फेल्युअरमध्ये मात्र ही सारी व्यवस्था चक्रावून जाते. अशा रुग्णाची अलिंदे सतत ताणलेली असतात. रक्तातले एएनपी आणि बीएनपी अनेक पटींनी वाढलेले असतात. हिशेबाप्रमाणे त्याच्या मूत्रपिंडाने धो धो मीठ टाकायला हवे. प्रत्यक्षात त्याच्या पायांवर सूज असते, फुप्फुसांत पाणी साचत असते आणि लघवीतून मीठ मोजकेच जात असते. हृदय ओरडून सांगत असते आणि मूत्रपिंड ऐकत नसते.

याचे कारण मूत्रपिंडाच्या बाजूने पाहिल्यावर कळते. धरणाचा फुगवटा मागच्या गावांत शिरला आहे आणि कालव्याच्या शेवटच्या शेताला थेंब मिळत नाही, अशी ही स्थिती आहे. अशक्त हृदयाच्या मागे रक्त तुंबलेले असते, म्हणून अलिंदे ताणलेली असतात. पण हृदयाच्या पुढे, धमन्यांत, रक्त पुरेसे पोहोचत नाही. मूत्रपिंड हे कालव्याच्या शेवटच्या शेतासारखे आहे. त्याला फुगवटा दिसत नाही, आपल्या वाट्याचे पाणी आटल्याचे तेवढे कळते. कुठेतरी रक्तस्राव होत असावा, असे समजून ते रेनिन सोडते. अल्डोस्टेरॉन वाढते आणि मज्जातंतूही त्याच बाजूने जोर लावतात. जखमी माणसाचा जीव वाचवण्यासाठी निर्माण झालेली ही यंत्रणा इथे चुकीच्या माणसावर चालू होते. मीठ टाक आणि मीठ धर, असे दोन परस्परविरुद्ध हुकूम एकाच वेळी येतात आणि दुसरा हुकूम वरचढ ठरतो.

याला आणखी एक अडचण जोडली जाते. एएनपी सोडियमची दारे मिटवतो ती नळ्यांच्या शेवटच्या भागात. हार्ट फेल्युअरमध्ये नळ्यांच्या सुरुवातीच्या भागातच इतके सोडियम परत ओढले जाते, की शेवटच्या दारापर्यंत फारसे पोहोचतच नाही. ज्या दारातून जायला फारसे काही उरलेले नाही, तिथला पहारा बदलून काय होणार? निरोप घेणाऱ्या पेशींचा प्रतिसादही कालांतराने मंदावतो.

एक उदाहरण घेऊन हा हिशेब मांडता येईल. समजा, ५८ वर्षांची एक स्त्री आहे. दोन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला होता आणि आता हृदयाची ताकद निम्म्याहून कमी आहे. रुग्णालयातून घरी जाताना तिची सूज उतरलेली होती, दम नव्हता आणि वजन ५४ किलो होते. घरी गेल्यावर तिने सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या. दिवसाला चार ग्लासच पाणी प्यायचे, हा सल्लाही काटेकोर पाळला. मग नात्यात लग्न निघाले. तीन दिवस मसालेभात, मठ्ठा, लोणचे, पापड असे जेवण झाले. जेवणातून दिवसाला १२ ग्रॅम मीठ पोटात गेले आणि तिची मूत्रपिंडे गोळ्यांच्या मदतीने ६ ग्रॅम बाहेर टाकू शकली, असे धरू. रोज ६ ग्रॅम शिल्लक राहिले. तीन दिवसांत १८ ग्रॅम झाले.

शरीरातल्या द्रवात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते. हे प्रमाण शरीर हट्टाने राखते. म्हणून अडकलेल्या १८ ग्रॅम मिठाबरोबर दोन लिटर पाणीही अडकणार. ती पाणी मोजून पीत होती, मग हे दोन लिटर आले कुठून? काही मठ्ठ्यातून, आमटीतून, भातातून आले. बाकीचे लघवी कमी होऊन आत राहिले. मीठ वाढले की तहान लागते आणि त्याच वेळी मूत्रपिंड पाणी सोडण्यात हात आखडते. तहान दाबली तरी दुसरी वाट उघडी असते. चौथ्या दिवशी सकाळी वजनकाटा ५६ किलो दाखवेल. तोवर तिच्या घोट्यांवर फारशी सूज दिसणार नाही, कारण डोळ्यांना सूज दिसायला बहुधा याहून जास्त पाणी साठावे लागते. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले, तर रात्री उशा वाढवाव्या लागतील आणि एखाद्या पहाटे दम लागून तिला उठून बसावे लागेल. त्या पहाटे तिच्या रक्तातले एएनपी, बीएनपी मोजले तर ते भरपूर वाढलेले असतील. हृदयाने आपले काम केलेले असेल. तिनेही सांगितलेला सल्ला पाळलेला असेल. चुकीची गोष्ट मोजायला सांगितली गेली, एवढेच.

लघवीच्या गोळीवर विसंबून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फ्युरोसेमाइडसारखी गोळी सकाळी घेतली, तर तिचा परिणाम पाच-सहा तास टिकतो. त्या वेळात मीठ आणि पाणी वेगाने बाहेर जाते. पण परिणाम ओसरला की मूत्रपिंड उलट जोमाने मीठ धरू लागते. संध्याकाळी आणि रात्रीच्या जेवणात भरपूर मीठ असेल, तर सकाळी गेलेले बरेचसे मीठ झोपेपर्यंत परत जमा होते. ‘गोळीने लघवी भरपूर होते, पण सूज उतरत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. अशा वेळी मीठ न विचारता गोळीची मात्रा वाढवत नेणे, हा अर्धाच उपाय.

हृदयाचा निरोप ऐकू जात नसेल, तर तो आणखी मोठ्याने दिला तर? हा विचारही करून झाला आहे. प्रयोगशाळेत तयार केलेला बीएनपी ‘नेसिरिटाइड’ या नावाने अमेरिकेत २००१ मध्ये औषध म्हणून मंजूर झाला. तो शिरेतून दिला जाई. सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. मृत्यू कमी झाले नाहीत, पुन्हा दाखल होणे कमी झाले नाही आणि रक्तदाब खाली जाण्याचा त्रास मात्र वाढला. आधीच ओरडत असलेल्या हृदयाच्या हाती भोंगा देऊन काही साधले नाही.

यश मिळाले ते दुसऱ्या वाटेने. नेप्रिलायसिन नावाचे एन्झाइम ही पेप्टाइडे रक्तात मोडून टाकते. सॅक्युबिट्रिल हे औषध त्याला रोखते, त्यामुळे निरोप जास्त काळ टिकतो. पण ते एकटे दिले जात नाही. त्याच गोळीत व्हल्सार्टन असते आणि ते विरुद्ध बाजूचा, मीठ धरायला सांगणारा हुकूम अडवते. आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०१४ मध्ये, एनालाप्रिल या जुन्या आणि चांगल्या औषधाच्या तुलनेत या जोडगोळीने हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणे सुमारे एक पंचमांशाने कमी केले. एकीकडे निरोप टिकवायचा आणि दुसरीकडे त्याच्याविरुद्धचा गलबला थांबवायचा, असे दोन्ही करावे लागते, हाच यातला धडा. २०२३ पासून भारतात देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्यावर तिची किंमतही बरीच उतरली आहे.

या गोळीबरोबर एक तांत्रिक घोटाळा होतो, तो टाळण्यासारखा आहे. नेप्रिलायसिन बीएनपी मोडते, एनटी-प्रोबीएनपी मोडत नाही. त्यामुळे ही गोळी चालू असताना बीएनपी तपासले, तर हृदय सुधारत असूनही आकडा वाढलेला दिसू शकतो. अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपी तपासणेच योग्य. दम हृदयामुळे आहे की फुप्फुसामुळे, असा प्रश्न तातडीच्या विभागात पडतो, तेव्हा ही तपासणी फार मोलाची असते. गोळी चालू नसलेल्या रुग्णाचा बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर तो दम हार्ट फेल्युअरचा असण्याची शक्यता कमी. मात्र लठ्ठ माणसात हा आकडा फसवा कमी येतो. वाढलेले वय, मूत्रपिंडाचा विकार आणि अनियमित ठोके यांत तो हृदय फारसे बिघडलेले नसतानाही वाढतो. निदान पक्के झालेल्या रुग्णाने दर महिन्याला ही महाग तपासणी करत बसण्यात अर्थ नाही. घरातला वजनकाटा रोज सकाळी फुकट उत्तर देतो.

मीठ कमी करण्याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. २०२२ मध्ये सहा देशांतील ८०६ हार्ट फेल्युअर रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दिवसाला दीड ग्रॅमहून कमी सोडियमचे कडक पथ्य सांगितलेल्या रुग्णांत मृत्यू किंवा दाखल होण्याचे प्रमाण नेहमीचा सल्ला मिळालेल्या रुग्णांपेक्षा ठळकपणे कमी झाले नाही. यावरून ‘मिठाने काही फरक पडत नाही’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. त्या चाचणीत नेहमीचा सल्ला मिळालेले रुग्णही दिवसाला सुमारे दोन ग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वापाच ग्रॅमच्या आसपास मीठ खात होते. जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रौढांना पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. भारतातल्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास निघाली. म्हणजे त्या चाचणीतला ‘नेहमीचा’ गट जिथे होता, तिथे पोहोचणे हेच इथल्या रुग्णांसाठी मोठे काम आहे. पाच ग्रॅमवरून चारवर जाण्यात फारसे हाती लागत नाही, हे त्या चाचणीने दाखवले. बारावरून पाचवर येण्याबद्दल ती काही म्हणत नाही. अळणी जेवणाचा अट्टहास करून रुग्णाची भूकच मारावी, असा सल्ला कोणी देऊ नये.

पाण्याच्या बाबतीतही अशीच तपासणी झाली आहे. २०२५ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर असलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा घालून तहानेचा त्रास तेवढा वाढला, बाकी लक्षणीय फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तातले सोडियम फार घटले आहे किंवा जे सुजून रुग्णालयात दाखल आहेत, त्यांना पाण्याची मर्यादा लागते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. पण प्रत्येक रुग्णाला, वैशाखातल्या उन्हातही, पहिले वाक्य म्हणून ‘पाणी कमी’ सांगण्याची सवय सोडायला हवी.

मग सांगायचे काय? पहिली गोष्ट, मीठ घरच्या मापात सांगावे. दिवसभराचे सगळे मिळून एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी या हिशेबाने ५० दिवस पुरायला हवी. ती २५ दिवसांत संपत असेल, तर माणशी दहा ग्रॅम चालले आहे. लोणचे, पापड, फरसाण, वेफर, पाव आणि बिस्किटे यांतले मीठ याखेरीज. सैंधव मीठ चालते, हा समज चुकीचा आहे, कारण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. व्हल्सार्टन, एनालाप्रिल किंवा स्पिरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णात त्याने पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घेऊ नये.

दुसरी गोष्ट, घरी जाताना रुग्णाच्या कार्डावर सूज उतरलेल्या अवस्थेतले वजन लिहिलेले असावे. औषधांची नावे, पुढच्या भेटीची तारीख, ईसीजीचे वर्णन, सगळे त्या कार्डावर असते. हा एक आकडा नसतो. आणि हाच आकडा नसेल, तर घरी रोज केलेल्या वजनाची तुलना कशाशी करायची? सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर सूज दिसण्याची वाट न पाहता कळवावे. कोणाला कळवायचे आणि लघवीची गोळी किती दिवस किती वाढवायची, हे त्याच कार्डावर डॉक्टरांच्या हाताने लिहिलेले असावे. रुग्णाने आपल्या मनाने गोळी वाढवू नये. जुलाब-उलट्या होऊन वजन घसरत असेल, तेव्हा तीच गोळी चालू ठेवणे मूत्रपिंडाला महागात पडते, म्हणून घसरत्या वजनाचीही खबर द्यावी.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी योजना लागत नाही. वॉर्डात वजनकाटा असतो. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत रोज न्यावा लागेल आणि परिचारिकेच्या नोंदीत रक्तदाबाच्या शेजारी वजनाचा एक रकाना वाढवावा लागेल. ज्या घरी काटा घेणे परवडत नाही, तिथे गावातल्या आरोग्य उपकेंद्रातला काटा आहे. आशा कार्यकर्ती बाळाचे वजन करते, तसे आठवड्यातून दोनदा या रुग्णाचेही करू शकते. हार्ट फेल्युअरमध्ये मूत्रपिंड हृदयाचा निरोप ऐकत नाही, पण वजनकाट्यावर तो दोन-चार दिवस आधी वाचता येतो. तो वाचण्यासाठी कार्डावर आधीचे वजन लिहिलेले हवे, आणि ते लिहिणे हे रुग्णालयाचे काम आहे.